सिटअपमध्ये पोटाचं काम किती, जांघेचं किती?

व्यायामामागचं शरीर : भाग 7

सोलापुरात पार्क मैदान असो की होम मैदान, भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे जोडीजोडीने सिटअप्स मारतात. एकाने गुडघे वाकवून उताणं पडायचं, दुसऱ्याने त्याची पावलं दाबून धरायची आणि मोजायला लागायचं. आकडा वाढत गेला की पडलेल्या मुलाचा चेहरा पिळवटतो. तेव्हा त्याला विचारून पाहा, कुठे भरून आलंय? हात पोटावर जाईलच असं नाही. "हितं ओ, हितं," म्हणत तो बरेचदा हात जांघेवर, मांडीच्या अगदी वरच्या भागावर नेतो. व्यायाम पोटाचा आणि भरून येते जांघ, असं का होतं, हे आज पाहू.

पोटाच्या मधोमध जो उभा स्नायू असतो, ज्याचे ‘पॅक’ दिसावेत म्हणून एवढी धडपड चालते, त्याचं नाव रेक्टस अ‍ॅब्डॉमिनिस. तो खाली ओटीपोटाच्या पुढच्या हाडाला चिकटलेला असतो आणि वर पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चेला. मांडीच्या हाडाशी त्याचा काही संबंध नाही. स्नायू आखडतो तेव्हा आपली दोन टोकं जवळ आणतो, त्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. म्हणजे हा स्नायू बरगड्या आणि ओटीपोट जवळ आणू शकतो, पाठीचा कणा पुढे वाकवू शकतो. खुब्याचा सांधा मात्र त्याला वाकवता येत नाही. उताणं पडून त्याने पूर्ण जोर लावला, तर डोकं, खांदे आणि खांद्याची पाती जमिनीवरून सुटतात. कंबर जमिनीलाच राहते. हाच क्रंच.

तिथून पुढे उठून बसायचं तर धडाला खुब्यात वाकावं लागतं. ते काम जांघेतल्या स्नायूंचं. त्यांतला मुख्य सोअस. तो कमरेच्या मणक्यांच्या बाजूंपासून निघतो, ओटीपोटाच्या पुढून खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाला आतल्या बाजूने जाऊन मिळतो. वाटेत इलियाकस त्याला येऊन मिळतो, आणि मांडीच्या पुढचा रेक्टस फेमोरिसही मदतीला असतो. हे स्नायू मांडी आणि धड यांना एकमेकांकडे ओढतात. दोघांपैकी हलणार कोण, हे स्नायू ठरवत नाही. ज्या बाजूचा भार कमी, ती बाजू उचलली जाते.

साठ किलोचा एक मुलगा धरू. डोकं, हात आणि धड मिळून शरीराचं साधारण दोन तृतीयांश वजन होतं, म्हणजे 40 किलो. दोन्ही पाय मिळून 20 किलो. खुबा हा तराजूचा काटा मानला, तर वरचं पारडं आधीच जड आहे. त्याची पावलं कुणी धरलेली नाहीत आणि त्याने ताठ पाठीने उठायचा प्रयत्न केला, तर सोअस जोर लावतो, धड जागचं हलत नाही आणि पाय वर उडतात. आता त्याने आधी हनुवटी छातीकडे घेतली, बरगड्या खाली ओढून पाठ गोल केली, हात छातीवर आणले. वजन तेच राहिलं, पण ते खुब्याच्या जवळ आलं. पारडं हलकं झालं, आणि आता पाय जमिनीवर ठेवून उठता येण्याची शक्यता निर्माण झाली. पाठ गोल करण्याची ही करामत पोटाच्या स्नायूंची. पावलं मोकळी असताना पाय उडत असतील, तर पोट पाठीला पुरेसं वळवत नाही, हे लगेच कळतं. पावलं धरणारा मित्र नेमकी हीच खूण झाकतो. त्याचा भार पायांच्या पारड्यात पडला की पाठ गोल करायची गरजच उरत नाही. जांघेच्या जोरावर ताठ पाठीने शंभर सिटअप्सही निघतात.

गुडघे वाकवले की सोअस ढिला पडतो आणि सगळं काम पोटावर येतं, ही समजूत अजूनही ऐकू येते. अमेरिकेतल्या शाळांच्या क्षमता चाचणीत आधी सरळ पायांचे सिटअप्स होते, ते 1970च्या दशकात गुडघे वाकवून करायला लावले गेले. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोअसमध्ये बारीक तारा घालून त्यातली विद्युत हालचाल मोजली आणि 1998 मध्ये निष्कर्ष छापले. गुडघे वाकवल्याने सोअसचं काम कमी झालेलं दिसलं नाही. ते खरोखर घटलं फक्त क्रंचसारख्या अर्ध्या उठावात. हे पटण्यासारखंच आहे: गुडघे कसेही ठेवा, उठून बसायचं म्हटलं की खुबा वाकवावाच लागतो.

मग सिटअपच्या दुसऱ्या, खुब्यात वाकून उठण्याच्या टप्प्यात पोट स्वस्थ बसतं का? मुळीच नाही. सोअस कमरेच्या मणक्यांनाच चिकटलेला असल्याने जोर लावताना तो कमरेलाही पुढे ओढतो. पोटाचे स्नायू बरगड्या आणि ओटीपोट यांतलं अंतर घट्ट धरून ठेवतात, म्हणून कंबर मागे कमानीसारखी वळत नाही. या वेळी त्यांची लांबी फारशी बदलत नाही, पण जोर चालूच असतो. ते दमले की पकड सुटते. उठताना पाठ जमिनीवरून मणक्यामागून मणका सुटण्याऐवजी फळीसारखी एकदम सुटू लागते, खाली जाताना कंबरेखाली पोकळी पडते. जोडीदाराने आकडा मोजण्यापेक्षा कंबरेखालच्या त्या पोकळीकडे लक्ष ठेवावं. ती दिसली की तो सेट तिथेच थांबवायचा.

कंबरेवरचा भारही पूर्ण सिटअपमध्ये क्रंचपेक्षा बराच जास्त असतो. मॅकगिल यांच्याच प्रयोगशाळेच्या मोजमापात पूर्ण सिटअपला कमरेच्या मणक्यांवर सुमारे 3300 ते 3500 न्यूटन दाब आला, म्हणजे जवळपास साडेतीनशे किलोचा भार. क्रंचला तो 2000 न्यूटनच्या आसपास होता. निरोगी तरुण कंबर एवढा दाब सोसते. पण चकती सरकलेल्या किंवा पायात कळ उतरणाऱ्या माणसाने क्रंचसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण कणा तर त्यातही वाकतोच.

अमेरिकी सैन्याच्या चाचणीत आता सिटअपऐवजी प्लँक असतो. आपल्याकडे खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत पोटासाठी 30 सेकंदांचा अर्धा उठाव असतो. गुडघे वाकवायचे, तळवे अंगाशेजारी जमिनीलगत ठेवायचे आणि ते पुढे सहा इंच सरकतील इतकंच वर यायचं. सोअसचा वाटा त्यात आपोआप कमी होतो.

सोअसला बदनाम करण्याचं मात्र काही कारण नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीत सिटअपला गुण नाहीत. पुरुषांना 1600 मीटर आणि महिलांना 800 मीटर धावण्याला आहेत. धावताना प्रत्येक पावलाला मांडी पुढे उचलतो तो सोअसच, आणि त्या ओढीने कंबर हलू नये म्हणून ओटीपोट धरून ठेवतं ते पोट. तेव्हा दोघांना वेगवेगळं तयार करणं मला जास्त पटतं. पोटासाठी पावलं मोकळी ठेवून सावकाश क्रंच करा, खांद्याची पाती सुटली की दोन सेकंद थांबा. जांघेसाठी बारला लटकून गुडघे छातीकडे घ्या, आणि तिथेही कंबर मागे वळू लागली की खाली उतरा.

पुढच्या भागात प्लँक.