इकडून येणं कधी होईल?

आपल्या आईच्या तोंडून वडिलांविषयी 'प्रेम' हा शब्द कोणी ऐकला असेल, तर तो वाचक विरळाच म्हणावयाचा. तरी त्या घरांत प्रेम नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. ते शब्दांनी फारसे बोलले जात नसे; ते व्याकरणाने बोलले जाई. हे व्याकरण नव्या पिढीच्या कानांवरून गेलेले नाही, आणि नव्या पिढीची बोलीही वडीलधाऱ्यांना नीट कळत नाही. एकाच छपराखाली तीन पिढ्या नांदत असता यातून जे घोटाळे होतात, त्यांविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम नावाची गोष्ट. पत्नीने पतीचे नाव घेऊ नये हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या प्रसिद्ध श्लोकात हा विधिनिषेध येतो, त्यात आपले स्वतःचे, गुरूचे, अतिकृपणाचे, ज्येष्ठ अपत्याचे आणि पत्नीचे नाव उच्चारू नये असे म्हटले आहे. म्हणजे बंधन पतीवरही आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. म्हणून तोही 'अगं, ऐकलंस का?' म्हणे किंवा मुलाच्या नावाने 'अमक्याची आई' अशी हाक मारी. आमच्याकडील पुष्कळ शेतकरी घरांत 'अहो'ची जागा 'जी'ने घेतली आहे; 'ऐकलं का जी?' एवढ्यावर पन्नास वर्षांचा संसार निभावतो.

नाव टळले तरी क्रियापद राहतेच. 'तू येतोस' म्हणावे तर मर्यादा सुटते, 'तुम्ही येता' म्हणावे तर परकेपणा वाटतो. या अडचणीतून आमच्या आज्यांनी जी वाट काढली, तिला तोड नाही. 'इकडून येणं कधी होईल?' या वाक्यात कर्ता पंचमीत लपला आहे, क्रियापदाचे नाम झाले आहे आणि 'होणे' हे तटस्थ नपुंसकलिंगी रूप पुढे उभे आहे. नाव नाही, सर्वनाम नाही, एकवचन-अनेकवचनाचा प्रश्नच नाही. आणि तरी ऐकणाऱ्याला आपल्याशीच बोलणे चालले आहे याविषयी तिळमात्र शंका राहत नाही. संस्कृत नाटके वाचणाऱ्यांना येथे 'अत्रभवान्' आणि 'तत्रभवान्' यांची आठवण होईल. समोर असलेल्या पूज्य व्यक्तीस पहिला शब्द आणि समोर नसलेलीस दुसरा; आमचे 'इकडून' आणि 'तिकडून' नेमके असेच चालतात. पती समोर असता 'इकडून', आणि तो परगावी असता जावेजवळ 'तिकडून पत्र आलं'. (माडीवर दोघेच असता काय बोलत, हे विचारण्याचे कारण नाही.)

हे संबोधन किती बोलके असू शकते, याचा दाखला रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे. न्यायमूर्तींचा उल्लेख त्या 'स्वतः' या एका शब्दाने करतात. घरात 'स्वतः' म्हणावयाजोगी व्यक्ती एकच आहे, ही त्यामागची भावना. पुढे १९३४ पासून निघालेल्या 'स्मृतिचित्रां'त लक्ष्मीबाई टिळक पतीस खुशाल 'टिळक' म्हणतात. एकीने नाव गिळले, दुसरीने आडनाव चारचौघांत घेतले. पण जिव्हाळा कोणाचा कमी होता हे ठरविण्यास कोणी बसेल असे मला वाटत नाही.

आता आमच्या परिचयाच्या एका घरातील हकीकत सांगतो. आजीबाई लेकीच्या बाळंतपणासाठी अमरावतीहून अकोल्यास गेल्या होत्या. महिना उलटला. आजोबा दररोज दूरध्वनी करीत, आणि संभाषण बहुधा असे होई: 'गोळी घेतलीत का?' 'घेतली. तिकडे ऊन कसं आहे?' 'आहे. तुळशीला पाणी?' 'मीच घालतो.' महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाला हे ऐकून कीव आली. त्याने आजोबांच्या मोबाइलवरून, त्यांच्या संमतीने, आजीला 'मिस यू' असा संदेश धाडला आणि पुढे एक तांबडे हृदय लावून दिले. पाच मिनिटांत अकोल्याहून लेकीचा दूरध्वनी आला, 'बाबांची प्रकृती बरी आहे ना? आई घाबरली आहे.'

नातवाचा हेतू शुद्ध होता, आणि संदेश खोटाही नव्हता. मग चुकले कोठे? ज्या माणसाने पन्नास वर्षांत असे वाक्य उच्चारले नाही, त्याने ते एकाएकी उच्चारले, तर ऐकणाऱ्याला त्यातील अर्थ न कळता बदल कळतो. आणि उतारवयात एकाएकी झालेला बदल म्हणजे आजार असेच मन धरून चालते. वास्तविक आजोबांचा संदेश रोज जातच होता. 'तुळशीला पाणी मीच घालतो' याचा अर्थ, तुमची जागा मोकळी आहे आणि ती मी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. 'गोळी घेतलीत का?' याचा अर्थ सांगावयास नकोच. दुसऱ्या दिवशी आजोबांनी आपल्याच शब्दांत सांगितले, 'घरात करमत नाही. इकडे येणं कधी होईल?' त्या आठवड्यात आजीबाई अमरावतीस परतल्या.

'करमत नाही' या क्रियापदाकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. 'मला करमत नाही' यात करणारा कोणी नाही, कोणाला दोष नाही, आणि 'तुझ्यावाचून' हा शब्द न उच्चारताच पोहोचतो. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत, सुनेच्या देखत बोलता येईल असे विरहाचे वाक्य मराठीत याहून चांगले मला आढळले नाही.

याचा अर्थ तरुणांची बोली उथळ आहे असा मात्र नव्हे. अमरावतीच्या मुलाने अकोल्याच्या मुलीस 'तुही लय याद येऊन रायली' असे लिहिले, तर प्रमाण भाषेचे अभिमानी नाक मुरडतील. परंतु 'येऊन राहिली' ही येथील अस्सल घडण आहे. 'याद' शब्दही उपरा म्हणता येणार नाही. १८५३ साली कारभार इंग्रजांकडे जाईपर्यंत वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता, आणि तेव्हापासूनचे कितीतरी शब्द आमच्या ओसरीवर बसलेले आहेत. 'आय लव्ह यू'चे शब्दशः भाषांतर जे 'मी तुझ्यावर प्रेम करतो', त्याहून हे वाक्य मला शतपट मराठी वाटते. 'प्रेम करणे' म्हणजे जणू हिशेब करणे किंवा रंगकाम करणे! मराठीत जीव जडतो, जीव लागतो. तो कोणी करीत नाही.

घोटाळा होतो तो दोन बोलींची सरमिसळ झाली म्हणजे. नातवंडे आजी-आजोबांच्या विवाहाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त फलक रंगवितात आणि आजीच्या तोंडी 'अहो, तू मला फार आवडतोस' असे वाक्य घालतात. 'अहो' अनेकवचनी, 'आवडतोस' एकवचनी. आजी ते वाचून हसते, पण म्हणत नाही. दुरुस्त करून 'आपण मला प्रिय आहात' केले, तर ते मानपत्र होते. 'प्राणनाथ' आणि 'प्रिये' ही तर संगीत नाटकांतील पात्रे; घरात ती थट्टेपुरतीच आली. अशा वेळी माझी कसोटी साधी आहे: ते वाक्य सासूबाई शेजारच्या खोलीत असता या व्यक्तीने म्हटले असते का? नसेल, तर ते तिच्या तोंडी घालू नये. त्यापेक्षा 'यांनी मला कधी उपाशी निजू दिलं नाही' असे एखादे वाक्य तिला स्वतःलाच सांगू द्यावे आणि जसेच्या तसे लिहून घ्यावे.

अलीकडे एक गंमत पाहतो. नव्या सुना पतीस सर्वांदेखत नावाने व 'अरे'ने हाक मारतात, आणि मनात लाड दाटला की हळूच 'अहो' म्हणतात. कित्येकींच्या मोबाइलमध्ये पतीचा क्रमांक 'अहो' या नावानेच नोंदलेला असतो. आमच्या काळी जे चारचौघांत म्हणावयाचे, ते आता एकांताचे झाले आहे, आणि जे एकांतातही जिभेवर येत नसे, ते नाव अंगणात ऐकू येते.