वेळापत्रक मागण्याआधी

जानेवारी लागला की दहावीच्या मुलांचे पालक शिक्षकांना गाठतात आणि बहुतेकांची मागणी एकच असते : "बाई, पोरीला एक चांगलं टाइमटेबल करून द्या, ती अगदी काटेकोर पाळेल." पाळण्याबद्दल शंका नसते. अडचण अशी की या मागणीत कोणता अभ्यासक्रम, परीक्षेला किती दिवस आणि कोणत्या विषयात मुलगी कुठे आहे, यातलं काहीच नसतं. तरीही वेळापत्रक करून देता येतं, आणि पुष्कळदा दिलंही जातं : पहाटे पाच ते सात गणित, संध्याकाळी विज्ञान, रात्री भाषा. ते कुणालाही लागू पडतं, कारण ते कुणासाठीच केलेलं नसतं. त्यात फक्त घड्याळाची वाटणी असते, कामाचा हिशेब नसतो.

2025च्या परीक्षेच्या आधी माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं उदाहरण घेते. वडिलांनी वर दिलेलीच मागणी केली. तारीख 10 जानेवारी. मुलीचं स्वतःबद्दलचं म्हणणं असं : गणित कच्चं, विज्ञान बरं, भूगोल सोपा.

आधी दिवस मोजले. मराठीचा पहिला पेपर 21 फेब्रुवारीला होता, म्हणजे हाताशी 42 दिवस. पण त्यातले आठ दिवस शाळेच्या पूर्वपरीक्षेचे, चार तोंडी आणि प्रात्यक्षिकांचे, दोन मावशीच्या लग्नाचे. उरले 28. आठवड्याला एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवला, कारण ताप येतो, पाहुणे येतात, एखादा धडा ठरल्यापेक्षा जास्त वेळ खातो. मग उरले 24. शाळा सांभाळून रोज चार तास अभ्यास खरोखर होतो, असं तिचं आधीच्या महिन्यातलं वागणं सांगत होतं. तिने आठ तास सांगितले होते, मी चार धरले. एकूण 96 तास.

दिवसांबद्दल आणखी एक गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही. "परीक्षेला किती दिवस राहिले" याचं उत्तर प्रत्येक विषयासाठी वेगळं असतं. त्या वर्षी बीजगणिताचा पेपर 5 मार्चला होता आणि शेवटचा भूगोलाचा 17 मार्चला. मराठीनंतर इंग्रजीचा पेपर थेट 1 मार्चला. म्हणजे मधला आठवडा पूर्ण मोकळा, आणि पुढेही पेपरांमध्ये एकदोन दिवसांच्या सुट्ट्या. मंडळाचं वेळापत्रक समोर नसेल तर हा वेळ हिशेबातच येत नाही.

अभ्यासक्रमाचंही तसंच. "गणित" हे काम म्हणून मोजता येत नाही. बीजगणिताचे सहा आणि भूमितीचे सात धडे मात्र मोजता येतात. विज्ञानाच्या दोन भागांचे मिळून वीस धडे, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल मिळून तेवीस. मुलीला पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिका उतरवून काढायला सांगितल्या. तिला ते वेळ घालवणं वाटलं. पण उतरवताना तिच्याच लक्षात आलं की सांख्यिकीचा धडा वर्गात झाला तेव्हा ती आजारी होती आणि पुढे तो राहूनच गेला.

खरी गडबड तिसऱ्या गोष्टीत असते. मुलं आपली तयारी भावनेवरून सांगतात. ज्या विषयाचा कंटाळा येतो तो कच्चा आणि जो वाचायला आवडतो तो पक्का. म्हणून तिला जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या, वेळ लावून, पुस्तक मिटून. बीजगणितात 40 पैकी 19 मिळाले. गेलेले गुण कुठल्या धड्यातले हे पाहिलं तर समीकरणं सोडवणं, श्रेढी, संभाव्यता सगळं ठीक होतं. गुण गेले होते ते अर्थनियोजनात, सांख्यिकीत आणि शाब्दिक उदाहरणांत, जिथे समीकरण स्वतः मांडावं लागतं. भूगोलात मात्र, जो सोपा होता, 17च मिळाले. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकायचे असतात. तिने धडे तीनदा वाचले होते, ॲमेझॉनबद्दल छान बोलत होती. पण कोऱ्या नकाशात साओ फ्रान्सिस्को नदी दाखवता आली नाही, आणि आलेखाचा प्रश्न तिने सोडूनच दिला.

मग प्रत्येक धड्यासमोर तीनपैकी एक खूण करायला लावली : पुस्तक मिटून सोडवता येतं, पुस्तक पाहिलं की कळतं, किंवा पाहूनही कळत नाही. फसवतो तो मधला गट. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा समज होतो. पहिल्या गटाच्या धड्याला अर्धा तास पुरतो, तोही उजळणीपुरता. मधल्याला दोन तास धरावेत, आणि ते वाचनात न घालवता लिहिण्यात घालवावेत. तिसऱ्याला पाच तास, शिवाय समजावून सांगणारं माणूस हवं. एकटीने बसून तो धडा सुटत नाही, हे वेळापत्रकातच लिहून ठेवावं लागतं.

या मापाने तिची बेरीज आली गणित साडेसत्तावीस तास, विज्ञान 37, सामाजिक शास्त्रं 39, आणि तीन भाषांना प्रत्येकी आठप्रमाणे 24. एकूण साडेएकशेसत्तावीस. हातात होते 96.

ही तूट दिसणं हाच या सगळ्या खटाटोपाचा उपयोग आहे. ती दिसली नाही तर मूल रोज थोडं थोडं मागे पडतं आणि दोष स्वतःच्या आळसाला देतं. इथे आळस कुठेच नव्हता. काम वेळेपेक्षा जास्त होतं, आणि काहीतरी हलवणं किंवा सोडणं भाग होतं.

सामाजिक शास्त्रांचे पेपर सर्वांत शेवटी, म्हणून त्यांचे वीस तास पहिल्या पेपरानंतरच्या मोकळ्या दिवसांत ढकलले. राहिले साडेअकरा. तिसऱ्या गटातल्या तीन धड्यांना कात्री लावली. अर्थनियोजनात जीएसटीची उदाहरणं ठेवली, शेअर्स सोडले. विज्ञानातल्या उष्णता आणि कार्बनी संयुगे या धड्यांच्या फक्त व्याख्या आणि एका गुणाचे प्रश्न करायचे ठरलं. अकरा तास वाचले. उरलेला अर्धा तास सोडून दिला.

धडा सोडायचा तर प्रश्नपत्रिकेचा आराखडा पाहूनच सोडावा. बीजगणिताच्या पेपरात चार गुणांच्या प्रश्नांत तीनपैकी दोन सोडवायचे असतात, तिथे एखादा कच्चा भाग टाळता येतो. पहिला प्रश्न आठ गुणांचा, त्यात पर्याय नसतो. म्हणून पूर्ण धडा कोरा ठेवू नये, त्यातलं एका गुणाचं तरी यावं. भूमितीतलं वर्तुळ तिला मुळीच कळत नव्हतं, तरी ते कापलं नाही. त्यातली प्रमेयं बऱ्याच प्रश्नांत लागतात.

रोजचं पान आम्ही शेवटी केलं, आणि ते पंधरा दिवसांचंच केलं. त्यात "गणित" असा शब्द कुठेच नव्हता. "सांख्यिकी, मध्य काढणे, सहा उदाहरणं लिहून" असं होतं. असं लिहिलं की झालं की नाही हे रात्री कळतं. मोकळा दिवस सलग दोन आठवडे भरून गेला तर धड्यांचा अंदाज चुकलाय असं समजायचं आणि पुन्हा कापायचं, रात्री जागून भरून काढायचं नाही.

पूर्वपरीक्षेचे पेपर हाती आले तेव्हा खुणा परत तपासल्या. वर्तुळ तिसऱ्या गटातून मधल्या गटात आलं होतं, म्हणून त्याचे तीन तास मोकळे झाले. रासायनिक अभिक्रियांचा धडा मात्र पहिल्या गटातून खाली घसरला, समीकरणं संतुलित करताना ती चुकत होती. दीड तास तिकडे गेला. उरलेल्या दीड तासात ब्राझीलचे कोरे नकाशे भरून घेतले, नद्या आधी, मग शहरं.