चालण्यातून दिसलेली धाव

1976 साली केरळ सरकारने मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला आणि कण्णूरच्या केंद्रात पहिल्या तुकडीत चाळीसेक मुली निवडून आल्या. त्यांत पय्योळी या समुद्रकाठच्या गावाजवळची एक बारीक चणीची मुलगी होती. वय बारा. नाव पी. टी. उषा. तिथले प्रशिक्षक ओ. एम. नंबियार तेव्हा चाळिशी ओलांडलेले, हवाई दलात नोकरी केलेले आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षकाचं शिक्षण घेऊन आलेले होते. उषात पहिल्या नजरेत काय दिसलं, असं त्यांना पुढे विचारलं गेलं तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या: तिचा सडसडीत बांधा आणि तिचं झपझप चालणं.

ती किती सेकंदांत धावली, हे त्या उत्तरात नाही. मला वाटतं, नंबियारांचं मोठेपण इथूनच सुरू होतं.

बारा वर्षांच्या मुलींच्या शर्यतीत जी पहिली येते ती पुष्कळदा वयात लवकर आलेली मुलगी असते. तिची उंची वाढलेली असते, मांड्यांत ताकद आलेली असते, शेजारची अजून लहान पोरच असते. दोघींचं वर्ष एकच, पण शरीराने एक दुसरीच्या दोन वर्षं पुढे. स्टॉपवॉच हा फरक सांगत नाही. सोळाव्या वर्षी मागची मुलगी वाढते, पुढची तिथेच थांबते, आणि शाळेची चँपियन कुठे गेली हे कुणालाच कळत नाही. म्हणून जाणता प्रशिक्षक निकालाच्या कागदाइतकाच शर्यत संपल्यानंतरचा वेळही बघतो. पोरगी दम कसा खाते, किती लवकर सावरते, मैदानावरून परतताना पाय कसे उचलते. चालताना पाऊल जमिनीला टेकतं आणि लगेच सुटतं का? टाच आपटते की चवड्यावर वजन सहज सरकतं? घोटा ताठर आहे की स्प्रिंगसारखा उसळतो? धावताना मूल जोर लावतं, खांदे आवळतं, दात खातं. त्यात खरं काही दिसत नाही. चालताना मात्र कुणी आपल्याला बघतंय हे त्याच्या गावीही नसतं.

आता पय्योळीची अडचण. गावात धावपट्टी नव्हती. समुद्र होता. नंबियारांनी उषाचा सराव त्या किनाऱ्यावर घेतला आणि त्या वाळूची गोष्ट पुढे इतकी प्रसिद्ध झाली की वाळूनेच उषा घडवली, असं लोक म्हणू लागले. त्यात अर्धं खरं आहे.

वाळूत पाय रुततो. टणक जमीन पावलाला जो उलटा रेटा देते तो वाळू देत नाही, त्यामुळे प्रत्येक पाऊल स्नायूंनी नव्याने ढकलावं लागतं. कोरड्या वाळूत तेवढ्याच वेगासाठी टणक जमिनीच्या जवळजवळ दीडपट शक्ती खर्च होते. पोटऱ्या, घोटे, तळपायाचे छोटे स्नायू बळकट होतात आणि सांध्यांना हादरे कमी बसतात. अनवाणी वाढलेल्या पोरांचे पाय या कामाला आधीच तयार असतात. त्यांना एकदम खिळ्यांचे बूट घातले की मात्र पंचाईत होते. स्पाइक्स पायाला चवड्यावर ठेवतात, सगळा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवर येतो, आणि आठवड्याभरात पोर लंगडायला लागतं. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं टाच दुखते, मग चालता चालता दुखणं कमी होतं. ही खूण दिसली की शहाणा प्रशिक्षक बूट काढून ठेवायला सांगतो आणि पुन्हा आठवड्यातून एकदोन वेळा, थोड्या अंतरापासून सुरुवात करतो.

म्हणजे ताकद वाळू देते. पण वाळूवर मापं राहत नाहीत. पाण्यालगतची ओली वाळू टणक असते खरी, पण तिला समुद्राकडे उतार असतो, त्यामुळे एक पाय कायम खाली पडतो. आखलेली रेघ भरतीत पुसली जाते. आणि नंबियारांनी उषासाठी शेवटी जी शर्यत निवडली ती सगळ्यांत जास्त मापांवर चालणारी होती.

ती निवड का केली, ते समजून घ्यायला 1982च्या दिल्ली आशियाई स्पर्धांकडे जावं लागतं. उषाला 100 आणि 200 मीटरमध्ये रौप्यपदकं मिळाली. देशभर कौतुक झालं. 100 मीटरला तिची वेळ होती 11.95 सेकंद. त्याच काळात जगातल्या अव्वल मुली 11 सेकंदांच्या आसपास धावत होत्या. हे अंतर मैदानावर मोजलं तर सातआठ मीटरचं, आणि ते वर्षा-दोन वर्षांत भरून येणारं नव्हतं. उषाकडे लांब टांग होती, लय होती आणि वेग टिकवण्याची ताकद होती. 1983 साली कुवेतला ती 400 मीटरमध्ये आशियाई विजेती झाली. दरम्यान 1984च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत पहिल्यांदाच येणार होती. शर्यत नवी, त्यामुळे जगातही तिच्यात मुरलेल्या मुली थोड्या. नंबियारांनी उषाला तिकडे वळवलं. पदकं आणणाऱ्या धावपटूला तिच्या हातखंड्याच्या शर्यतीवरून हलवणं याला मोठी छाती लागते. माझ्या लेखी पय्योळीत तिला हेरण्यापेक्षाही हा निर्णय मोठा आहे.

या शर्यतीचं गणित असं. दहा अडथळे, प्रत्येकी 76.2 सेंटीमीटर उंचीचे. सुरुवातीपासून पहिला अडथळा 45 मीटरवर, पुढे दर 35 मीटरला एक, आणि शेवटच्या अडथळ्यापासून 40 मीटरवर अंतिम रेषा. खरी परीक्षा त्या 35 मीटरांची. अडथळ्याच्या साधारण दोन मीटर आधी पाय जमीन सोडतो आणि ओलांडून सुमारे एक मीटरवर टेकतो. उरले 32 मीटर. ते पंधरा पावलांत कापायचे तर प्रत्येक पाऊल 2 मीटर 13 सेंटीमीटरचं हवं, सतरा पावलांत कापायचे तर 1 मीटर 88 सेंटीमीटरचं. पंधरा किंवा सतरा, म्हणजे विषम पावलं घेतली की दर वेळी तोच पाय पुढे येतो. सोळा घेतली की दुसरा येतो. दोन्ही पायांनी सारखंच सहज ओलांडता येणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे.

समजा, एखाद्या मुलीने मातीच्या मैदानावर पंधरा पावलं पक्की बसवली. मग ती सिंथेटिक धावपट्टीवर गेली. तिथे पाय रुतत नाही, उलट उसळतो, आणि पाऊल नकळत पाच सेंटीमीटर लांब पडतं. पाच सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण पंधरा पावलांत ते पाऊण मीटर होतात. दोन मीटरवरून उडायचं ती सव्वा मीटरवर पोचते, शेवटची पावलं आखडती घेते, वेग मोडतो, आणि तो परत मिळवायला पुढचे दहा मीटर जातात. उलट थकल्यावर पावलं आखूड होतात, तेव्हा अडथळा लांब राहतो आणि ती त्याच्यावर झेप टाकते. बाहेरून बघणाऱ्यालाही हे ओळखता येतं: अडथळ्याआधी शेवटची दोन-तीन पावलं बारीक आणि घाईची पडली, की पट्टी आणि पाऊल यांचं जमलेलं नाही. याला इलाज एकच, ज्या पृष्ठभागावर शर्यत आहे त्यावरच पुन्हा पुन्हा धावणं आणि पुष्कळ स्पर्धा खेळणं. उषाच्या वाट्याला दोन्ही थोडंच आलं. ऑलिंपिकला जाताना तिच्या जमेला या शर्यतीचा स्पर्धेतला अनुभव फारसा नव्हता.

तरीही लॉस एंजेलिसला उपांत्य फेरीत ती 55.54 सेकंदांत पहिली आली. 8 ऑगस्ट 1984. अंतिम शर्यत. मोरोक्कोची नवाल एल मुतवाकेल 54.61 सेकंदांत जिंकली, अमेरिकेची ज्युडी ब्राऊन दुसरी. तिसऱ्या जागेसाठी रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू आणि उषा जवळजवळ एकदम रेषेवर पोचल्या. कोजोकारू 55.41. उषा 55.42. सेकंदाचा शंभरावा भाग, आणि त्या वेगात तो भरतो सात सेंटीमीटर.

धावण्याच्या शर्यतीत वेळ मोजतात ती धडाची. डोकं, हात, पाय आधी पोचले तरी उपयोग नाही. म्हणून शेवटच्या पावलाला छाती पुढे झोकून देतात. आपण ती झोकली नाही, असं उषाने नंतर अनेकदा सांगितलं आहे. लोक याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. छाती नेमकी कोणत्या क्षणी झोकायची हे अटीतटीच्या शर्यती खेळून अंगात मुरतं. फार आधी झोकली तर तोल जाऊन वेग कमी होतो, उशिरा झोकली तर रेषा निघून गेलेली असते. आशियात उषाच्या खांद्याला खांदा लावून शेवटपर्यंत येणाऱ्या मुली मोजक्याच होत्या. वाळूवर तर ती एकटीच धावत होती.

नंबियारांनी काम थांबवलं नाही. पुढच्या वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उषाने पाच सुवर्णपदकं आणि एक कांस्यपदक घेतलं, 1986ला सोलच्या आशियाई स्पर्धांत चार सुवर्ण आणि एक रौप्य. 1985 साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत नंबियार होते. 2021च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

उषानंतर ऑलिंपिकच्या धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरीत पोचणारी पुढची भारतीय महिला यायला 32 वर्षं लागली. ती आली सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून, मोही गावातून. दुष्काळी माणदेशातली ललिता बाबर लांब पल्ल्याची धावपटू होती. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती लागोपाठ तीन वर्षं पहिली आली. तिच्याही वाटेत निर्णायक वळण आलं ते शर्यत बदलण्याचं. प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या हाताखाली ती 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळली. मॅरेथॉनचा दम असलेली, पण अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडण्याइतकी चपळ मुलगी जगात कुठे बसेल, याचा तो हिशेब होता. 2015ला ललिता आशियाई विजेती झाली. 2016ला रिओच्या प्राथमिक फेरीत तिने 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत ती दहावी आली. तिच्या शर्यतीतल्या अडथळ्यांची उंचीही 76.2 सेंटीमीटरच. फरक एवढाच की ते जाड, जड लाकडी ओंडके असतात, धक्का लागला तरी पडत नाहीत, आणि त्यांच्यामधलं अंतर लांब असल्यामुळे पावलं मोजून चालत नाही. तिथे अडथळा जवळ येताना डोळ्यांनीच अंदाज घ्यावा लागतो, आणि चुकलं तर गुडघा फुटतो.