पैसे कटले, पण दुकानात पोचलेच नाहीत

किराणा दुकानात बिल झालं १,२४० रुपये. गिऱ्हाइकानं क्यूआर स्कॅन करून पिन टाकला, खात्यातून रक्कम वजा झाल्याचा बँकेचा मेसेजही आला. दुकानातला स्पीकर मात्र गप्प. मागे रांग लागलेली. दुकानदार म्हणतो, "काका, आले नाहीत, परत टाका." नेमक्या याच वेळी घाई करू नये, असं मला कळकळीनं सांगायचं आहे.

यूपीआयमध्ये आधी तुमची बँक पैसे वजा करते. मग एनपीसीआयच्या यंत्रणेमार्फत समोरच्या बँकेला ते जमा करण्याचा निरोप जातो. त्या बँकेनं स्पष्ट नकार दिला, तर पैसे बहुधा लगेच परत फिरतात. अडतं ते तिच्याकडून वेळेत उत्तरच आलं नाही तर. रक्कम जमा होऊन फक्त उत्तर हरवलं, की ती जमाच झाली नाही, हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून ॲपवर 'पेंडिंग' दिसतं. पुढे बँका आपापले हिशेब जुळवतात आणि मग एकतर दुकानदाराला पैसे मिळतात, नाहीतर तुम्हाला परत येतात.

स्पीकर बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असंही नाही. त्याचं नेटवर्क गेलं असेल, तरी तो गप्पच राहतो. दुकानदारानं पासबुक पाहूनही भागत नाही, कारण अनेक क्यूआरवरची रक्कम आधी पेमेंट कंपनीकडे जाते आणि त्याच्या बँक खात्यात नंतर येते. त्यानं आपलं व्यापाऱ्यांचं ॲप उघडून तो व्यवहार शोधायला हवा. तुम्ही दुसऱ्यांदा पैसे भरलेत आणि पहिलेही पोचले, तर बँकेच्या दृष्टीनं दोन्ही व्यवहार यशस्वी ठरतात. मग जादाचे पैसे आपोआप परत येत नाहीत, ते दुकानदाराकडूनच मागून घ्यावे लागतात.

व्यवहार शोधायचा तो बारा आकडी संदर्भ क्रमांकावरून. कुठे त्याला यूटीआर म्हणतात, कुठे आरआरएन, तर काही ॲपवर तो 'यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी' म्हणून दिसतो. बँकेच्या स्टेटमेंटमध्येही यूपीआयच्या नोंदीत तो सापडतो. ॲपचा स्वतःचा, अक्षरं मिसळलेला लांबलचक क्रमांक वेगळा आणि दुकानाचा ऑर्डर नंबर आणखी वेगळा. तक्रारीत केवळ ऑर्डर नंबर दिला, तर बँकेला त्यावरून काहीच शोधता येत नाही. स्क्रीनशॉट जोडाच, पण क्रमांक मजकुरातही लिहा.

तक्रार आधी ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन नोंदवा, मग बँकेला लिहा. मजकूर एवढा पुरे: "१२ जून २०२५ रोजी संध्याकाळी ७.४२ वाजता माझ्या खात्यातून यूपीआयद्वारे १,२४० रुपये वजा झाले. संदर्भ क्रमांक अमुक, दुकानदाराचा यूपीआय आयडी अमुक. त्याच्या ॲपमध्ये ही रक्कम जमा दिसत नाही. व्यवहाराची स्थिती तपासून रक्कम परत करावी आणि विलंब झाल्यास नियमानुसार भरपाई द्यावी." खाते क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे द्या. पिन किंवा ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे परत मिळायला पिन लागत नाही, त्यामुळे तो मागणारा माणूस बँकेचा नाही हे समजून फोन ठेवा. मदत क्रमांकही इंटरनेटवर शोधू नका, ॲपमधला किंवा पासबुकावरचा घ्या.

भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे व्यवहाराची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेल्या पैशांसाठी हीच मुदत एका दिवसाची आहे. आपल्या उदाहरणात मुदत १७ जूनला संपते. पैसे २१ जूनला आले, तर चार दिवसांचे ४०० रुपये मिळायला हवेत. प्रत्यक्षात मूळ रक्कम परत आली की बहुतेक जण खातं पुन्हा तपासत नाहीत. ते तपासा आणि भरपाई आली नसेल, तर त्याच तक्रार क्रमांकाचा हवाला देऊन मागा.

बँकेनं तक्रार फेटाळली, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मात्र तिथे आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो. शाखेत काउंटरवर तोंडी सांगून आलेल्यांची अडचण होते ती इथेच. म्हणून अर्ज ईमेलनं पाठवा, किंवा त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.