नऊ घरं आणि दहावा आकडा

1 ते 10 हे आकडे मनाला येतील तसे एका ओळीत लिहा. डावीकडून उजवीकडे जाताना सतत वाढत जाणारे किंवा सतत घटत जाणारे चार आकडे त्यांत सापडणारच. मधले आकडे वगळायला हरकत नाही, फक्त क्रम बदलायचा नाही. अशा मांडण्या छत्तीस लाखांहून जास्त आहेत आणि एकही यातून सुटत नाही!

पॉल एर्डिश आणि जॉर्ज सेकेरेश या हंगेरियन गणितींनी हे 1935 साली प्रसिद्ध केलं. पण मला भुरळ घातली ती अब्राहम सायडेनबर्ग यांच्या 1959 मधल्या सिद्धतेने. ती जेमतेम चार ओळींची आहे.

ओळीतल्या प्रत्येक आकड्याला एक जोडी चिकटवायची. त्या आकड्यावर संपणारी सर्वांत लांब चढती साखळी किती आकड्यांची, हा जोडीतला पहिला अंक. तिथेच संपणारी सर्वांत लांब उतरती साखळी किती आकड्यांची, हा दुसरा. आता ओळीतले कुठलेही दोन आकडे घ्या. नंतरचा मोठा असेल, तर आधीच्याची चढती साखळी त्याच्यापर्यंत एका कडीने वाढते, म्हणजे पहिला अंक बदललाच. नंतरचा लहान असेल, तर दुसरा अंक बदलतो. तिसरी शक्यताच नाही, कारण आकडे वेगवेगळे आहेत. (ही अट सोडून दहाही जागी 5 लिहिले, तर ना चढ ना उतार.) थोडक्यात, दोघांची जोडी कधीच सारखी नसते.

समजा, चारची साखळी कुठेच नाही. मग जोडीतले दोन्ही अंक 1, 2 किंवा 3 एवढेच असणार आणि अशा जोड्या होतात फक्त नऊ. आकडे दहा, घरं नऊ. दोघांना एकच घर वाटून घ्यावं लागेल, आणि ते तर अशक्य ठरलंय. साखळी कुठे आहे हे न शोधताच ती आहे हे कळलं!

हाच हिशोब 101 आकड्यांना लावला, तर अकराची साखळी पक्की होते. चढती की उतरती, हे मात्र प्रमेय सांगत नाही.

नऊच आकडे असले तर सुटका आहे: 3, 2, 1, 6, 5, 4, 9, 8, 7. यात तीनपेक्षा लांब साखळी नाही. जोड्या लिहून पाहा. 3 ला (1,1), 2 ला (1,2), 1 ला (1,3), मग 6 ला (2,1), असं करत शेवटच्या 7 ला (3,3). नऊच्या नऊ घरं भरली, प्रत्येकात नेमका एक. आता शेवटी दहावा आकडा जोडा. 10 लिहिलात तर 3, 6, 9, 10 चढले. 0 लिहिलात तर 9, 8, 7, 0 उतरले. मधेच कुठेतरी लपवू म्हणून साडेपाच लिहिलात, तरी 9, 8, 7, साडेपाच.