रोजच्या अंगठीचे सोने : बावीस की अठरा?

ज्या घरात सोन्याची पारख पिढ्यान्‌पिढ्या बावीस कॅरटवरच होत आली, तेथे नित्य वापरावयाची खड्याची अंगठी घेताना सराफाने अठरा कॅरटचा जिन्नस पुढे ठेवला की तो कमअस्सल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सोन्याचा कस ठरविताना त्या दागिन्यास कोणते काम करावयाचे आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

बावीस कॅरटमध्ये शंभर भागांत सुमारे 91.6 भाग शुद्ध सोने असते, तर अठरा कॅरटमध्ये 75. उरलेला भाग बहुधा तांबे व चांदी यांचा असतो, आणि या मिश्रणामुळेच मृदू सोन्यास काठिण्य येते. खडा ज्या चार-सहा नख्यांनी धरलेला असतो, त्या बावीस कॅरटच्या असल्या, तर भरलेली बादली उचलताना अंगठीचे कडे किंचित लंबगोल होते, नखी उकलते, आणि पदराचा धागा तीत अडकू लागतो. हीच धोक्याची पहिली खूण होय; अंगठी कानाशी हलविल्यावर खडा खुळखुळला, तर ती तत्काळ उतरवून दुरुस्तीस द्यावी. बावीस कॅरटचाच आग्रह असेल, तर खड्यास सर्व बाजूंनी कवेत घेणारे बंद कोंदण करवून घ्यावे.

किमतीचा हिशेब असा. सोयीसाठी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरला, तर बावीस कॅरटच्या 5 ग्रॅम अंगठीतील सोने 45,800 रुपयांचे होते. अठरा कॅरटचा धातू वजनासही हलका असल्याने त्याच मापाची अंगठी सुमारे 4.3 ग्रॅम भरते आणि तिचे सोने 32,250 रुपयांत येते. मात्र मोडीच्या वेळी हातात येणारे शुद्ध सोनेही त्याच प्रमाणात कमी असते, सबब ही बचत म्हणजे नफा नव्हे. खरी फसगत होते ती खड्याचे वजन सोन्यात धरल्याने : अर्ध्या ग्रॅमचा खडा अठरा कॅरट सोन्याच्या भावाने लावला, तर 3,750 रुपये अकारण जातात. म्हणून पावतीवर एकूण वजन, निव्वळ सोन्याचे वजन, खड्याची किंमत आणि घडणावळ ही कलमे पृथक् लिहवून घ्यावीत, आणि दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाशेजारी ‘22K916’ किंवा ‘18K750’ हा शिक्का व सहा अक्षरांकांचा ओळख-क्रमांक भिंगातून पाहावा.

अठरा कॅरटलाही मर्यादा आहेत : त्यातील तांब्यामुळे घाम व साबणाने क्वचित काळसरपणा येतो, आणि बावीसचा गडद पिवळा तजेला त्याला नसतो. सबब पाटल्या, मंगळसूत्राच्या वाट्या असे खड्यावाचूनचे भरीव दागिने बावीस कॅरटचे घ्यावेत, आणि नख्यांवर खडा पेलणारी रोजची अंगठी निःशंकपणे अठरा कॅरटची घ्यावी.