पळी हललेली नव्हती

कॅमेऱ्यापासून कॅटलॉगपर्यंत : भाग सातवा

मागच्या भागात फोटोंच्या फाइलींना नावं कशी द्यायची ते पाहिलं. आता फोल्डर भरलं आहे, पण अपलोडचं बटण दाबण्याआधी प्रत्येक फोटो तपासून घ्यायचा आहे. फोटो पुरेसा मोठा आहे का, तो हलला आहे का, मागचा भाग खरोखर पांढरा आहे का आणि त्यावर कुणी अक्षरं टाकली आहेत का, हे चार प्रश्न असतात. दहा फोटो असतील तर डोळ्यांनी बघता येतात. पाचशे असतील तर शंभराव्यानंतर डोळा फसतो, म्हणून हे काम स्क्रिप्टकडे द्यायचं.

एका भांड्यांच्या दुकानासाठी मी अशी स्क्रिप्ट लिहिली, तेव्हा पहिल्याच फेरीत सगळ्या पळ्या, झारे आणि उलथनी ‘अंधुक’ म्हणून बाजूला पडली. मी फोटो उघडून पाहिले, तर ते लख्ख होते. उलट ठोक्याच्या तांब्याच्या परातीचा एक फोटो स्पष्ट हललेला होता आणि तो बिनबोभाट पास झाला होता. हे का घडलं ते समजलं, की चारही तपासण्या कशा बांधायच्या तेही समजतं.

अंधुकपणा मोजायची रूढ पद्धत अशी आहे. प्रत्येक पिक्सेल शेजारच्या पिक्सेलपेक्षा किती एकदम बदलतो ते लाप्लासियन नावाच्या गणिताने काढायचं आणि त्या आकड्यांमध्ये चढउतार किती आहे ते पाहायचं. धारदार फोटोत कडा कडक असतात, म्हणून चढउतार मोठा येतो. हललेल्या फोटोत कडा पसरतात आणि आकडा खाली येतो. अनेक जण १०० हा उंबरठा धरतात. मीही तोच धरला होता.

अडचण पांढऱ्या जागेची आहे. तिथे काहीच बदलत नाही, त्यामुळे लाप्लासियन जवळजवळ शून्य येतो. पळी चौकटीत तिरकी ठेवली तरी जेमतेम १० टक्के जागा व्यापते, उरलेले ९० टक्के शून्य. समजा पळीपुरता चढउतार ६०० आहे, तर सगळ्या फोटोचा धरल्यावर तो साधारण ६० भरतो आणि ती नापास होते. परात ६० टक्के जागा व्यापते. ती हललेली असल्याने तिच्यापुरता चढउतार १८० इतकाच आहे, तरी सगळ्या फोटोचा १०८ येतो आणि ती पास होते. आकडे मी समजण्यापुरते गोल केले आहेत, पण हिशेब असाच चालतो. स्क्रिप्ट धार मोजत नव्हती, वस्तूने किती जागा अडवली तेच मोजत होती.

म्हणून आधी वस्तू कुठे आहे ते शोधायचं आणि धार फक्त तेवढ्या भागात मोजायची. मागचा भाग पांढरा असल्याने हे सोपं जातं: ज्या पिक्सेलचा लाल, हिरवा, निळा यांपैकी एक तरी आकडा २४५ च्या खाली आहे, तो वस्तूचा. आतली भोकं भरून घ्यायची आणि बाहेरून चार-पाच पिक्सेलची किनार वाढवायची, म्हणजे वस्तूची कड मापात येते.

```python
lap = cv2.Laplacian(gray, cv2.CV_64F)
score = lap[mask > 0].var()
```

त्याआधी सगळे फोटो एकाच मापाचे करून घ्यावेत, कारण माप बदललं की आकडाही बदलतो. उंबरठाही आता नव्याने ठरवायला हवा, तोही वस्तूच्या जातीप्रमाणे. गुळगुळीत डब्यावर मुळातच कडा कमी, ठोक्याच्या परातीवर भरपूर. प्रत्येक जातीचे तीसेक फोटो डोळ्यांनी चांगले-वाईट लावावेत आणि दोन गटांच्या मधला आकडा घ्यावा. एक फसगत मात्र उरतेच. कमी उजेडात काढलेल्या फोटोत दाणे येतात, आणि ते दाणे स्क्रिप्टला कडा वाटतात. अशा हललेल्या फोटोचा आकडाही चढतो. मोजण्याआधी हलकं स्मूदिंग केलं तर हे बरंच आटोक्यात येतं.

पांढऱ्या पार्श्वभूमीकडे वळू. ॲमेझॉनवर मुख्य फोटोचा मागचा भाग शुद्ध पांढरा, म्हणजे तिन्ही आकडे २५५ असा लागतो. २४० चा फिका राखाडी डोळ्याला पांढराच वाटतो, पण तो पांढऱ्या पानावर गेला की वस्तूभोवती चौकोन उमटतो. तपासायला चारही कडांची अरुंद पट्टी पुरते, कारण सावली किंवा कापडाची घडी बहुतेक तिथेच दिसते. फक्त प्रत्येक पिक्सेल २५५ च हवा असा हट्ट धरू नये. जेपेग साठवताना कडेजवळचे काही पिक्सेल २५३-२५४ होतात. मी २५० च्या वरचं पांढरं धरते आणि पट्टीतले ९९ टक्के पिक्सेल तसे असावेत एवढं बघते.

स्टीलच्या बाबतीत वस्तू शोधायचा वरचा उपाय तोकडा पडतो. चकचकीत डबा भोवतीचा पांढरा पडदाच परावर्तित करतो, त्यामुळे त्याची कड पार्श्वभूमीत विरघळते आणि वस्तूचा आकार अर्धवट हाती लागतो. स्क्रिप्टला हे ओळखता येतं: वस्तूचे एकाऐवजी चार-पाच सुटे तुकडे सापडले, तर तो फोटो पास किंवा नापास न करता माणसाकडे पाठवायचा. खरा इलाज स्टुडिओत आहे. डब्याच्या दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर, काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या की कडेवर बारीक काळी रेघ येते.

रिझोल्यूशनची तपासणी एका ओळीची. ॲमेझॉनवर झूम चालायला लांब बाजू किमान १,००० पिक्सेल लागते. पण चॅटवरून आलेला लहान फोटो कुणी ताणून २,००० चा केला असेल, तर तोही इथे पास होतो आणि गिऱ्हाइकाने झूम केल्यावर फाटतो. ओळखायचं असं: फोटो निम्मा करा, परत मूळ मापाचा करा आणि आधीच्या फोटोतून वजा करा. खऱ्या तपशिलाच्या फोटोत कडांवर फरक उरतो. ताणलेल्यात जवळजवळ काहीच उरत नाही, कारण निम्मं करताना गमावण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

राहिली अक्षरं. ‘२० टक्के सूट’ असं पांढऱ्या जागेवर टाकलेलं असेल, तर वस्तूचा आकार काढतानाच ते वेगळ्या छोट्या तुकड्यांची सरळ ओळ म्हणून सापडतं. वाचायची गरजच नाही. कठीण असतात वस्तूवरची अक्षरं. डब्याच्या बुडाशी ठसा असतो, कुकरच्या झाकणावर कंपनीचं नाव असतं, आणि ती अक्षरं वस्तूचीच असल्याने चालतात. टेसरॅक्टसारखं अक्षरं वाचणारं साधन ठसा आणि वॉटरमार्क यांत फरक करत नाही. त्याने अक्षरं दाखवली म्हणून फोटो नापास केला, तर अर्धे कुकर घरी जातील.

इथे एकेक फोटो न बघता सगळी तुकडी एकत्र बघावी. ठसा वस्तूबरोबर हलतो, वॉटरमार्क बहुधा चौकटीच्या एकाच कोपऱ्यात किंवा मधोमध ठाण मांडून असतो. एका छायाचित्रकाराचे चाळीस फोटो एकाच मापाचे करून एकमेकांवर ठेवले आणि प्रत्येक जागेचा मधला आकडा घेतला, तर पळ्या, पराती, डबे सगळे पुसट होतात आणि वॉटरमार्क जागच्या जागी उभा राहतो. त्या दुकानाच्या फोटोंवर हे केलं, तेव्हा उजव्या खालच्या कोपऱ्यात फिकट राखाडी नाव दिसलं. एकेक फोटो उघडून बघताना ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

पुढच्या भागात नापास फोटोंबरोबर छायाचित्रकाराला काय लिहून पाठवायचं ते पाहू. ‘अंधुक’ एवढ्याने त्याला काही कळत नाही. पळी कुठल्या टोकाला हलली आहे, ते सांगावं लागतं.